केवलमूल्य आणि ‘सर्वांत मोठी चूक’ : दोन वाकडी उद्दिष्टे साध्या एलपीत कशी बसवावीत

समजा, एका घाऊक किराणा दुकानाचा टेम्पो रोज गिऱ्हाइकांकडे माल पोहोचवतो, आणि दुकानदाराला ‘इतक्या अंतरासाठी इतकी मिनिटे धरावीत’ असे एक साधे सूत्र हवे आहे. त्याच्या वहीत पाच फेऱ्यांची नोंद आहे. १ किलोमीटरला ६ मिनिटे, २ किलोमीटरला ९, ३ किलोमीटरला १३, ४ किलोमीटरला १५ आणि ५ किलोमीटरला ३० मिनिटे लागली. शेवटच्या फेरीत टेम्पो रेल्वे फाटकाशी अडकला होता, म्हणून तो आकडा इतरांपेक्षा बराच मोठा आहे. अंदाजाचे सूत्र आपण असे धरू:

```
वेळ = m*x + b
```

येथे `x` म्हणजे अंतर, `m` म्हणजे दर किलोमीटरमागे लागणारी मिनिटे आणि `b` म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासारख्या कामांची ठरावीक मिनिटे. `m` आणि `b` असे निवडायचे आहेत की अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ यांतील तफावत कमीत कमी राहील. पण ‘कमीत कमी तफावत’ या शब्दांचे दोन वेगळे अर्थ होतात. पाचही फेऱ्यांच्या तफावतींची बेरीज कमीत कमी असावी, असा एक अर्थ आहे. पाचांपैकी जी तफावत सर्वांत मोठी असेल ती कमीत कमी असावी, असा दुसरा. पहिल्यात केवलमूल्ये येतात, दुसऱ्यात केवलमूल्यांपैकी सर्वांत मोठे येते, आणि लिनिअर प्रोग्रॅमिंगचा, म्हणजेच एलपीचा, सॉल्व्हर या दोहोंपैकी काहीच थेट स्वीकारत नाही. त्याला चलांना ठरावीक संख्यांनी गुणून केलेल्या बेरजा-वजाबाक्या तेवढ्या समजतात. या लेखात हीच पाच फेऱ्यांची नोंद घेऊन दोन्ही उद्दिष्टे साध्या एलपीत कशी मांडायची, ती मांडणी कोठे चालते आणि कोठे मुकाट्याने चुकीचे उत्तर देते, हे पाहू.

पहिली पायरी: तफावत चिन्हासकट लिहा

प्रत्येक फेरीसाठी प्रत्यक्ष वेळेतून अंदाज वजा करावा. या वजाबाकीला `r` म्हणू.

```
r1 =  6 -   m - b
r2 =  9 - 2*m - b
r3 = 13 - 3*m - b
r4 = 15 - 4*m - b
r5 = 30 - 5*m - b
```

`r` धन असेल तर टेम्पोला अंदाजापेक्षा उशीर झाला, ऋण असेल तर तो लवकर पोहोचला. ही पाचही वाक्ये `m` आणि `b` यांच्यात रेषीय आहेत, म्हणजे येथवर काहीच अडचण नाही. अडचण येते ती `|r1| + |r2| + ... + |r5|` असे लिहिल्यावर, कारण केवलमूल्याचा आलेख शून्यापाशी मोडतो. त्याचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो.

नवख्या माणसाला येथे ‘`r` धन असेल तर असे, ऋण असेल तर तसे’ अशी जर-तरची मांडणी सुचते. ती सोडून द्यावी, कारण एलपीत जर-तर नसते. त्याऐवजी केवलमूल्याकडे असे पाहावे: `|r|` म्हणजे `r` आणि `-r` या दोन संख्यांपैकी जी मोठी असेल ती. पुढचे सारे काम या एका वाक्यावर उभे आहे.

दुसरी पायरी: वरून दाबलेली फळी

प्रत्येक फेरीसाठी `e` नावाचा एक नवा चल घ्यावा आणि त्याच्यावर दोन अटी घालाव्यात. पाचव्या फेरीपुरत्या त्या अशा दिसतील:

```
e5 >=  30 - 5*m - b
e5 >= -30 + 5*m + b
```

बाकीच्या चार फेऱ्यांसाठीही अशाच जोड्या लिहाव्यात आणि उद्दिष्ट `e1 + e2 + e3 + e4 + e5` कमीत कमी करा, असे सांगावे. एकूण सात चल (`m`, `b` आणि पाच `e`) आणि दहा अटी झाल्या. यांत एकही केवलमूल्य नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. वरच्या दोन अटी `e5` हे `|r5|` इतके ‘आहे’ असे म्हणत नाहीत. `e5` हे `|r5|` पेक्षा कमी नसावे, इतकेच त्या म्हणतात. `|r5|` जर १० असेल तर `e5` साठी १० चालेल, तसे १७ आणि ४००ही चालतील. मग उत्तरात बरोबर १० कसे येते? दोन कमी-जास्त उंचीच्या टेकूंवर आडवी ठेवायची एक फळी डोळ्यांसमोर आणावी. एका टेकूची उंची `r5`, दुसऱ्याची `-r5`. फळी दोन्ही टेकूंच्या वर कोठेही अधांतरी धरता येते, पण तिच्यावर वरून हात दाबला की ती उंच टेकूवर जाऊन बसते. दाबणारा हात म्हणजे उद्दिष्ट. आपण सगळ्या `e` ची बेरीज कमीत कमी करायला सांगितली आहे, म्हणून सॉल्व्हर `e5` ला विनाकारण वर राहू देत नाही. अटींनी नुसती खालची मर्यादा घातली. बरोबरी घडवली ती उद्दिष्टाने. एलपीत केवलमूल्य कधी बसते आणि कधी बसत नाही, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘फळीवर हात कोणत्या दिशेने दाबतो आहे?’ हे विचारूनच मिळते.

दोनपैकी एकच अट लिहिण्याची चूक फार जण करतात. फक्त `e >= r` आणि `e >= 0` इतकेच लिहिले, तर उशिराची तफावत मोजली जाते आणि लवकर पोहोचण्याची फुकट ठरते. मग सॉल्व्हर `b` भलामोठा घेतो, प्रत्येक फेरी ‘लवकर’ पोहोचते आणि उद्दिष्टाची किंमत शून्य येते. खऱ्या नोंदींवर बेरीज नेमकी शून्य आली, तर आनंद मानण्याआधी अटी मोजाव्यात. पाच फेऱ्यांना दहा अटी हव्यात.

आपल्या नोंदीवर ही एलपी सोडवली की बेरीज १२ येते. उदाहरणार्थ `m = 3.5`, `b = 2.5` घेतले तर पहिली आणि तिसरी फेरी सूत्रावर बिनचूक बसतात, दुसरी अर्धा मिनिट लवकर, चौथी दीड मिनिट लवकर आणि पाचवी १० मिनिटे उशिरा ठरते. अर्धा, दीड आणि दहा मिळून १२. फाटकाशी अडकलेल्या फेरीकडे या उद्दिष्टाने जवळजवळ दुर्लक्ष केले आहे, हे लक्षात घ्यावे. नेहमीच्या लघुतम वर्ग पद्धतीने हेच काम केले असते तर `m = 5.4` आणि `b = -1.6` आले असते, म्हणजे एका अपवादाने सगळी रेषा स्वतःकडे ओढली असती. तफावतींची केवलमूल्ये बेरजेने कमी करण्याची कल्पना लघुतम वर्गांहूनही जुनी आहे. पृथ्वीचा आकार ठरवण्यासाठी केलेल्या मोजमापांवर बोस्कोविच यांनी १७५७ मध्ये ती मांडली होती, पण हाताने गणित करणे किचकट असल्यामुळे ती मागे पडली. चार्न्स, कूपर आणि फर्ग्युसन यांनी १९५५ मध्ये ती लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये बसवून दाखवली.

तीच गोष्ट दोन तुकड्यांत

दुसरी एक मांडणी आहे, आणि मला स्वतःला ती अधिक उपयोगी वाटते. `r` चे दोन भाग करावेत: `p` म्हणजे उशिराची मिनिटे आणि `q` म्हणजे लवकरची मिनिटे. दोन्ही शून्य किंवा धन.

```
m + b + p1 - q1 = 6
p1 >= 0,  q1 >= 0
```

अशा पाच बरोबरीच्या अटी लिहून सर्व `p` आणि `q` यांची बेरीज कमीत कमी करावी. येथे शंका अशी येते की एकाच फेरीत `p` आणि `q` दोन्ही धन आले तर काय? तफावत ३ असताना `p = 3, q = 0` चालते, तसेच `p = 8, q = 5` हेही अटीत बसते. पण दुसऱ्या जोडीतून दोन्हीकडचे ५ काढून टाकले, तर वजाबाकी तीच राहते आणि बेरीज १० ने घटते. म्हणून कमीत कमी बेरजेच्या उत्तरात दोन्ही एकाच वेळी धन राहू शकत नाहीत. येथेही हे काम उद्दिष्ट करते आहे. अटींमध्ये तसे कोठेही लिहिलेले नाही.

या मांडणीचा खरा फायदा असा की दोन दिशांना वेगळे वजन देता येते. दुकानदाराला टेम्पो लवकर पोहोचला तर फारसे बिघडत नाही, पण उशीर झाला तर गिऱ्हाईक कुरकुरते. तेव्हा उशिराच्या एका मिनिटाला ३ आणि लवकरच्या एका मिनिटाला १ असे वजन द्यावे आणि `3*p + q` या बेरजा कमीत कमी कराव्यात. आपल्या नोंदीवर उत्तर `m = 6`, `b = 0` असे येते आणि उद्दिष्टाची किंमत १७ होते. पहिली आणि पाचवी फेरी सूत्रावर बिनचूक, मधल्या तिन्ही अनुक्रमे ३, ५ आणि ९ मिनिटे लवकर, आणि उशीर एकाही फेरीला नाही. वजने बदलताच फाटकाशी अडकलेली फेरी, जिच्याकडे आधी दुर्लक्ष झाले होते, तीच रेषा ठरवू लागली.

वजने कोणतीही चालतात का? नाही. दोन्ही वजनांची बेरीज धन असायला हवी. उशिराला ३ आणि लवकरला उणे १, म्हणजे लवकर पोहोचल्याबद्दल बक्षीस, असे दिले तरी जोडीतून सारखा भाग काढल्यावर प्रत्येक मिनिटामागे २ वाचतात, म्हणून एकाच फेरीचे `p` आणि `q` दोन्ही मिळून फुगत नाहीत. (अर्थात नुसत्या बक्षिसापोटी `b` अमर्याद वाढू नये, यासाठी वेगळी मर्यादा लागेलच.) पण बेरीज ऋण झाली, तर `p` आणि `q` दोन्ही एकत्र फुगवत नेण्यातच सॉल्व्हरचा फायदा होतो आणि किंमत तळ नसल्यासारखी खाली जात राहते. बेरीज नेमकी शून्य असेल तर एकूण किंमत बरोबर येते, पण सुट्या `p`, `q` यांना काही अर्थ उरत नाही.

सर्वांत मोठी तफावत लहान करणे

आता दुसरा अर्थ घेऊ. दुकानदार म्हणतो, ‘बेरीज मला नको, कोणत्याही एका फेरीत अंदाज किती चुकेल, तो आकडा लहानात लहान करून द्या.’ येथे प्रत्येक फेरीसाठी वेगळा `e` घेण्याची गरजच नाही. सगळ्या टेकूंवर मिळून एकच फळी ठेवावी. तिची उंची `t` मानावी आणि `t` हा पाचही `r` आणि पाचही `-r` यांच्यापेक्षा कमी नसावा, अशा दहा अटी घालाव्यात. उद्दिष्ट फक्त `t` कमीत कमी करणे. चल तीनच राहतात: `m`, `b` आणि `t`. पायथॉनमधल्या `scipy` ग्रंथालयात ते असे लिहिता येते:

```python
from scipy.optimize import linprog

x = [1, 2, 3, 4, 5]
y = [6, 9, 13, 15, 30]
A, ub = [], []
for xi, yi in zip(x, y):
    A.append([-xi, -1, -1]); ub.append(-yi)  # yi - m*xi - b <= t
    A.append([ xi,  1, -1]); ub.append( yi)  # m*xi + b - yi <= t

res = linprog([0, 0, 1], A_ub=A, b_ub=ub,
              bounds=[(None, None), (None, None), (0, None)])
print(res.x, res.fun)
```

`linprog` ला सगळ्या असमता ‘डावी बाजू उजवीपेक्षा जास्त नसावी’ या रूपात लागतात, म्हणून `t` डावीकडे नेऊन त्याला उणे १ दिले आहे. चिन्हांची गफलत बहुधा याच ओळींत होते. शेजारी लिहिलेली असमता कागदावर एकदा बाजू बदलून पाहावी आणि मगच रांग भरावी.

उत्तर `m = 6`, `b = -4.5`, `t = 4.5` असे येते. पहिली फेरी साडेचार मिनिटे उशिरा, चौथी साडेचार मिनिटे लवकर, पाचवी पुन्हा साडेचार मिनिटे उशिरा. दुसरी दीड मिनिट उशिरा आणि तिसरी अर्धा मिनिट लवकर, म्हणजे या दोघी फळीच्या बऱ्याच खाली आहेत. तीन फेऱ्या फळीला टेकलेल्या आणि त्यांची चिन्हे आळीपाळीने, उशीर-लवकर-उशीर अशी, हे सर्वांत मोठी तफावत लहान करणाऱ्या रेषेचे ओळखीचे लक्षण आहे. कमाल तफावत एकाच फेरीत येत असेल, तर उत्तर बरोबर नाही असे समजावे, कारण `b` किंचित हलवून ती एक तफावत कमी करता येतेच.

साडेचारापेक्षा कमी खरोखरच अशक्य आहे का, हे सॉल्व्हरवर विश्वास न ठेवताही तपासता येते. पहिल्या तफावतीचा आठवा भाग घ्या, त्यातून चौथीचा अर्धा वजा करा आणि पाचवीचे तीन अष्टमांश मिळवा:

```
(1/8)*r1 - (1/2)*r4 + (3/8)*r5 = 4.5
```

`m` आणि `b` दोन्ही या बेरजेतून पूर्णपणे गळून पडतात. कोणतीही रेषा घेतली तरी डाव्या बाजूची किंमत ४.५ च राहते. आठवा भाग, अर्धा आणि तीन अष्टमांश मिळून एक होतात. म्हणजे तिन्ही तफावती आकाराने साडेचारापेक्षा लहान असत्या, तर डावी बाजू साडेचार होऊच शकली नसती. हे अपूर्णांक मी अंदाजाने काढलेले नाहीत. ते टेकलेल्या तीन अटींच्या छाया किमती आहेत, म्हणजे ती अट किंचित सैल केली तर त्या प्रमाणात `t` किती घटेल हे सांगणारे आकडे, आणि वरच्या कोडनंतर `res.ineqlin.marginals` छापले तर उणे चिन्हासह तेच आकडे दिसतात. कोणत्या नोंदी उत्तर ठरवत आहेत हे ओळखण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे: ज्यांची छाया किंमत शून्य, त्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे केले तरी उत्तर हलत नाही.

काही जण सवयीने प्रत्येक फेरीचा `e` ठेवतात आणि वर `t >= e1`, `t >= e2` अशा अटी लिहितात. उत्तर तेच येते, पण त्या `e` चे आकडे अहवालात उतरवू नयेत. दुसऱ्या फेरीच्या `e` वर आता कोणीच दाबत नाही, म्हणून सॉल्व्हर तेथे दीडही देईल किंवा साडेचारही. दोन्ही अटींत बसतात. सुट्या तफावती नेहमी `m` आणि `b` वरून पुन्हा काढाव्यात. खरे तर बेरजेच्या उद्दिष्टातही हीच सवय चांगली: केवलमूल्ये स्वतः काढून बेरीज करावी आणि ती सॉल्व्हरने दिलेल्या किमतीशी जुळते का, ते पाहावे. जुळली नाही, तर कोठेतरी फळी अधांतरी आहे.

`bounds` ची ती ओळ

वरच्या कोडमधली `bounds` ची ओळ गाळली तर काय होईल? कोड विनातक्रार चालेल, ‘उत्तम उत्तर सापडले’ असा संदेशही येईल, आणि उत्तर `m = 5`, `b = 0`, `t = 5` असे दिसेल. आकडे गोल आणि पटण्यासारखे आहेत, आणि चूक आहे ती नेमकी यामुळेच दिसत नाही. `linprog` काही सांगितले नाही तर प्रत्येक चल शून्य किंवा धनच असावा असे गृहीत धरतो, आणि आपल्या खऱ्या उत्तरात `b` ऋण आहे. पुष्कळ सॉल्व्हरांचा रिवाज असाच आहे, कारण कारखान्यातले उत्पादन किंवा गोदामातला साठा ऋण नसतो. पण रेषेचा `b` किंवा शिल्लक-तूट दाखवणारा चल दोन्ही बाजूंना जाऊ शकतो, आणि केवलमूल्य घ्यावेसे वाटते ते बहुधा अशाच चलांचे. म्हणून चिन्हाची मोकळीक हाताने लिहावी लागते.

‘ठरावीक वेळ उणे साडेचार मिनिटे’ याला व्यवहारात अर्थ नाही, हा आक्षेप रास्त आहे. माल उतरवायला उणे मिनिटे लागत नाहीत. तेव्हा `b` ऋण नसावा अशी अट दुकानदाराला हवी असेल, तर ती जरूर घालावी आणि `t = 5` हे उत्तर स्वीकारावे. मात्र तो निर्णय आपण घेतलेला असावा, ग्रंथालयाच्या रिवाजाने नव्हे. शिवाय ऋण `b` येथे दुसरेही काही सांगतो: सर्वांत मोठ्या तफावतीचे उद्दिष्ट अपवादाला पूर्ण शरण जाते. फाटकाशी अडकण्याची ती एक फेरी नसती, तर पहिल्या चार नोंदींवर तीन मिनिटांच्या आसपासचा `m` आणि धन `b` आला असता. जेथे अपवाद हीच खरी भीती असते, उदाहरणार्थ यंत्राच्या भागाची जास्तीत जास्त चूक, तेथे हे उद्दिष्ट योग्य. जेथे अपवाद म्हणजे रेल्वे फाटक, तेथे बेरजेचे उद्दिष्ट बरे.

जेथे ही युक्ती मोडते

फळीवरचा हात उलट दिशेने लागला की सगळेच बिघडते. ‘तफावतींची बेरीज जास्तीत जास्त करा’ असे उद्दिष्ट देऊन तेच `e` आणि त्याच दोन अटी वापरल्या, तर हात फळीला वर ढकलतो, आणि वर तिला अडवणारे काहीच नाही. सॉल्व्हर ‘अमर्याद’ असे कळवतो (`linprog` मध्ये `status` ३ येतो). चूक उघडी पडते, म्हणून ही परिस्थिती त्यातल्या त्यात बरी. अवघड असते ती लपलेली: उद्दिष्टात पाच केवलमूल्ये अधिक चिन्हाने आणि एक उणे चिन्हाने असते, आणि मोठ्या मांडणीत इतर कोठली तरी अट त्या एका `e` ला वर अडवून धरते. मग ‘अमर्याद’ हा इशाराही येत नाही आणि `e` मात्र खऱ्या तफावतीपेक्षा मोठा राहतो. यासाठीच केवलमूल्ये स्वतः पुन्हा काढून पाहण्याची सवय मी वर सांगितली.

अटींमध्ये आलेल्या केवलमूल्यालाही हाच न्याय लागू होतो. ‘कोणत्याही फेरीत तफावत ५ मिनिटांपेक्षा जास्त नसावी’ ही अट म्हणजे `r <= 5` आणि `-r <= 5` अशा दोन साध्या अटी. नवा चलसुद्धा नको. पण ‘दोन टेम्पो गोदामाच्या दारात किमान १५ मिनिटांच्या अंतराने यावेत’ ही अट साध्या एलपीत बसत नाही. येथे वेळांतील फरक एक तर १५ किंवा त्याहून जास्त, नाही तर उणे १५ किंवा त्याहून कमी हवा. मधला पट्टा निषिद्ध आहे. एलपीच्या अटींत बसणारी कोणतीही दोन उत्तरे घेतली तर त्यांच्या मधली सगळी उत्तरेही बसावी लागतात, आणि येथे ती बसत नाहीत. अशी एकच अट असेल तर दोन एलपी सोडवाव्यात, ‘पहिला टेम्पो आधी’ आणि ‘दुसरा टेम्पो आधी’, आणि त्यांतले चांगले उत्तर घ्यावे. अशा दहा अटी असतील तर १०२४ एलपी होतील, म्हणून तेथे ०-१ चल घेऊन पूर्णांकी प्रोग्रॅमिंगकडे वळावे लागते.

जास्तीत जास्त आणि कमीत कमी यांच्या जोड्यांमध्येही गोंधळ होतो. सर्वांत मोठी गोष्ट लहान करणे आपण वर केले. सर्वांत लहान गोष्ट मोठी करणे, उदाहरणार्थ ज्या ड्रायव्हरला सर्वांत कमी फेऱ्या मिळतात त्याच्या फेऱ्या वाढवणे, हेही तितकेच सोपे आहे: `t` प्रत्येकाच्या फेऱ्यांपेक्षा जास्त नसावा असे लिहावे आणि `t` जास्तीत जास्त करावा. तेथे फळी छताखालून वर दाबली जाते. परंतु सर्वांत लहान गोष्ट आणखी लहान करणे या पद्धतीने होत नाही. तेथे प्रत्येक पर्यायासाठी एक वेगळी एलपी सोडवून त्यांतली सर्वांत लहान किंमत निवडणे, हाच साधा उपाय आहे.

उत्तर एकच असते असे नाही

बेरजेच्या उद्दिष्टाचे उत्तर म्हणून मी वर `m = 3.5`, `b = 2.5` दिले होते. आता `m = 4`, `b = 1` घालून पाहा: तफावती १, ०, ०, उणे २ आणि ९ येतात. बेरीज पुन्हा १२. इतकेच नव्हे, तिसऱ्या फेरीच्या बिंदूतून जाणारी आणि `m` साडेतीन ते चार यांच्यामध्ये असलेली प्रत्येक रेषा हीच बेरीज देते. केवलमूल्यांच्या बेरजेत असे वारंवार घडते. सिम्प्लेक्स पद्धत या पट्ट्याचे एखादे टोक हाती देते, तर इंटिरिअर पॉइंट पद्धत शेवटची सफाई न करता थांबली तर मधलेच काही आकडे देते. दोन सहकाऱ्यांनी एकाच नोंदीवरून वेगळी सूत्रे काढली आणि दोघांची बेरीज तीच आली, तर बहुधा कोणाचेच चुकलेले नसते.

बरोबरी मोडायची असेल तर दुसरी एलपी सोडवावी. पहिल्या मांडणीच्या दहा अटी तशाच ठेवून त्यांत ‘`e` ची बेरीज १२ पेक्षा जास्त नसावी’ ही एक अट वाढवावी, प्रत्येक `e` हा `t` पेक्षा जास्त नसावा असे लिहावे आणि आता `t` कमीत कमी करावा. बेरजेच्या अटीत नेमके १२ न लिहिता `12 + 1e-6` इतकी सवलत ठेवावी, कारण पहिल्या वेळी मिळालेली किंमत संगणकात दशांशाच्या शेवटच्या घरांत किंचित घसरलेली असू शकते, आणि मग दुसरी एलपी ‘उत्तरच नाही’ असे सांगून मोकळी होते. आपल्या पाच फेऱ्यांवर हा दुसरा टप्पा `m = 4`, `b = 1` ही रेषा निवडतो. दर किलोमीटरला ४ मिनिटे, वर १ मिनिट ठरावीक, आणि फाटकाच्या फेरीची तफावत १० वरून ९ वर आलेली.